मदत हवी आहे: हासे डायग्राममध्ये जास्तीच्या रेषा येताहेत

सावंतवाडीकर: विभाजकांची हासे डायग्राम सरांनी परत पाठवली. 'नको त्या रेषा पुस, लेव्हल बघ' एवढंच लिहिलंय. संख्या चढत्या क्रमानेच लावल्यात. उद्या सबमिशन आहे, लवकर सांगा.

देवगडची प्राची: अरे, पण संख्या कोणती? आणि सगळे विभाजक घेतलेत की काही निवडक?

सावंतवाडीकर: ६०. सगळे.

लांज्याचे गुरुजी: ६० चे विभाजक १२. १×६०, २×३०, ३×२० अशा जोड्या लावल्या की एकही सुटत नाही. आठवीला मी असंच शिकवतो. लसावि काढतानाही उपयोगी पडतं.

सावंतवाडीकर: गुरुजी, विभाजक मिळालेत हो. घोडं आकृतीत अडलंय.

बंदरावरचा मन्या: वेगवेगळे मूळ अवयव मोज. एकच असेल तर पहिली लेव्हल. २, ३, ४, ५ एका ओळीत.

प्राची: २ ने ४ ला भाग जातो, मग दोघं एका ओळीत कसे? रेषा आडवी होईल. ४ म्हणजे २×२, दोन्ही २ मोजायचे. तळाला १, त्यावर २, ३, ५. मग ४, ६, १०, १५. त्यावर १२, २०, ३० आणि शेंड्याला ६०. सावंतवाडीकर, तुझ्या रेषा किती?

सावंतवाडीकर: २४. आणि ४ माझ्याकडे २, ३, ५ च्याच ओळीत आहे.

प्राची: वीसच हव्यात. १ ते ४, ३ ते १२, ५ ते २०, १५ ते ६० या जोडल्यास ना?

सावंतवाडीकर: हो! कसं कळलं?

प्राची: चारही ठिकाणी भागाकार ४ येतो. तू ४ ला एकच पायरी धरलीस. १५ वरून थेट ६० ला जाता येत नाही, मध्ये ३० आहे. भागाकार मूळ संख्या आला तरच रेषा. १५ वरून वर फक्त ३० ची रेषा, कारण ४५ ने ६० ला भाग जात नाही.

वेंगुर्ल्याची नेहा: हा नियम आंधळेपणाने लावू नका. मला परीक्षेत १, २, ३, १२, १८, ३६ एवढाच संच होता. २ ते १२ भागाकार ६, म्हणून रेषा सोडली, आणि मार्क गेले. मध्ये ४ किंवा ६ संचातच नव्हते, म्हणजे रेषा हवीच होती.

प्राची: बरोबर, म्हणून तर 'सगळे की निवडक' विचारलं.

मन्या: तसा नाय गो. ४ जरा वर सरकवला तरी चलता. मोठो वर असलो म्हणजे झाला, ओळ सरळ व्हयीच असा नियम खंय हा?

प्राची: नियम नाही, मान्य. पण विभाजकांत समान ओळी पडतात, तर तपासणाऱ्याला त्रास कशाला?

मन्या: तपासणाऱ्याच्या सोयीसाठी गणित बदलतला?

सावंतवाडीकर: २० झाल्या. ३ ते ६ आणि २ ते १० एकमेकींना छेदताहेत, ते चालेल का?

नेहा: छेदू देत. फक्त रेषा तिसऱ्याच संख्येवरून जायला नको, नाहीतर ती संख्या मधली वाटते.

गुरुजी: ६ आणि १० चा लसावि ३० आकृतीत दिसतो का हो? मुलांना दाखवायला बरं.