अनुभव धागा: जुन्या पीव्हीसी रेनकोटचे चिकटलेले, वास मारणारे अस्तर

पागोळी: आमच्याकडे जाड पीव्हीसीचा एक जुना रेनकोट आहे, जो गेल्या पावसाळ्यानंतर प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून माळ्यावर ठेवला होता. आता घडी उलगडताना आतल्या बाजू एकमेकींपासून चर्रकन सुटतात, हाताला चिकटतात आणि कुबट वास येतो. बाहेरची बाजू मात्र ठीक दिसते. आपण असे अस्तर कशाने स्वच्छ केले आणि रेनकोट ठेवायचा की टाकायचा हे कशावरून ठरवले, ते कृपया लिहावे.

अडुळसा: माझ्या मते हा सगळा बुरशीचा प्रताप असतो. एक भाग पांढरे व्हिनेगर आणि तीन भाग पाणी असे मिश्रण मी फडक्याने आतून लावले, थोड्या वेळाने साध्या पाण्याने पुसले आणि सावलीत वाळवले, तेव्हा वास गेला. चिकटपणावर टाल्कम पावडर चोळली आणि पहिल्या पावसापर्यंत रेनकोट उत्तम राहिला.

नंदादीप: मी बरीच वर्षे रेक्झिनच्या कारखान्यात काम केले असल्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो. अडुळसा यांचे वासाबद्दलचे म्हणणे बरोबर आहे. चिकटपणा मात्र बहुतेक वेळा बुरशीचा नसतो. पीव्हीसी मुळात कडक असते आणि ते मऊ राहावे म्हणून त्यात तेलासारखा प्लास्टिसायझर मिसळलेला असतो, जो उष्णतेने आणि काळाने हळूहळू पृष्ठभागावर येतो, म्हणून पत्र्याखालच्या माळ्यावर किंवा स्कूटरच्या डिकीत ठेवलेले रेनकोट लवकर चिकटू लागतात. पावडर ते तेल शोषून घेते, पण पाणी लागले की तिचाच लगदा होतो.

आधी पांढरा टिशू पेपर चिकट जागेवर दाबून उचलावा. टिशूवर फक्त तेलकट डाग आला तर आशा आहे. मात्र टिशूला अस्तराचेच कण किंवा पापुद्रे चिकटून आले, तर तो थरच विरघळू लागला आहे आणि धुण्याने तो परत येत नाही. आशा असल्यास कोमट पाण्यात भांडी घासायच्या द्रव साबणाचे काही थेंब घालून मऊ स्पंजने आतून पुसावे, दोनदा स्वच्छ पाणी फिरवावे आणि उलटा करून सावलीत टांगावे. तरीही चिकटपणा राहिला तर आतल्या शिवणीजवळ एका कोपऱ्यात आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पाहावे. तिथे रंग निघाला नाही आणि वाळल्यावर पांढरटपणा आला नाही, तरच पुढे जावे. थिनर, पेट्रोल, रॉकेल यांना हात लावू नये, कारण त्यांनी वरचे तेल निघते तसे आतलेही ओढले जाते आणि रेनकोट घडीवर तडकतो. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र करू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. इस्त्री तर दूरच राहिली.

चिंचोके: माझ्या रेनकोटच्या खांद्याच्या जोडातून पाणी झिरपते. त्यासाठी कोणता गोंद चांगला?

नंदादीप: तो प्रश्न वेगळा आहे, कृपया त्यासाठी स्वतंत्र धागा काढावा. पीव्हीसीचे जोड बहुधा शिवलेले नसून उष्णतेने वितळवून जोडलेले असतात, एवढे मात्र सांगतो.

खडकवाट: माझे जाकीट ‘रेनकोट’ म्हणूनच विकले गेले होते, पण लेबलावर पॉलिएस्टर आणि पॉलियुरेथेन लिहिले होते, पीव्हीसी नव्हे. त्याचे आतले पांढरे आवरण चिकट होऊन पोपड्यांसारखे सुटू लागले आणि त्याला ओकारीसारखा आंबट वास येत होता. साबण, व्हिनेगर, ऊन, सगळे करून झाले. प्रत्येक धुण्यानंतर आवरण आणखी सुटले आणि शेवटी जाकीट टाकावे लागले. म्हणून धुण्याआधी लेबल वाचावे, असे मी सुचवेन.

पागोळी: नंदादीप यांनी सांगितल्याप्रमाणे टिशू लावून पाहिला. पाठीवर आणि हुडात फक्त तेलकट डाग आला, पण उजव्या काखेत टिशूवर राखाडी कण आले आणि बोट फिरवल्यावर अस्तराखालचे विणलेले कापड दिसले. साबणाच्या पाण्याने पाठ आणि हुड स्वच्छ झाले आणि कुबट वासही गेला. काखेत मात्र वाळल्यावर तो भाग पुन्हा चिकटला. हुड दुमडून पाहिला तर तडा दिसत नाही. सध्या काखेपुरते आतून जुन्या सुती कापडाचे अस्तर लावावे असा विचार आहे, जेणेकरून कपड्यांना डाग लागणार नाहीत.

नंदादीप: कापड आतून सैल टाकावे, सुईने शिवू नये, कारण प्रत्येक छिद्रातून पाणी येईल. शिवाय ते कापड काही काळाने तेल शोषून पिवळट होईल, ते बदलावे लागेल.

अडुळसा: दर पावसाळ्याआधी अल्कोहोलने पुसले तर चालेल का? माझा रेनकोट त्यानंतर थोडा कडक झाल्यासारखा वाटतो.

खडकवाट: कडक होणे हे तेल कमी झाल्याचे लक्षण असावे, पण नुसत्या साबणानेही माझ्या शेजाऱ्यांचा एक रेनकोट तसाच झाला होता. इतरांनी आपले अनुभव लिहावेत.