स्लाइडच्या शेजारी शिक्षकाची चौकट: ठेवावी की नको?

वर्षा: बारावीच्या पुस्तपालनाचे तास मी OBS Studio वर रेकॉर्ड करते. माझा चेहरा दाखवणारी कॅमेऱ्याची चौकट स्लाइडच्या कोपऱ्यात ठेवली की खालच्या बेरजा झाकल्या जातात. स्लाइड लहान करून शेजारी जागा केली तर अक्षर बारीक होतं, आणि मुलं बघतात मोबाइलवर. चौकट ठेवावी का? ठेवली तर मांडणी कशी करू?

सदानंद: ठेवा. फक्त स्लाइड लहान करू नका, तिचं प्रमाण बदला. तुमच्या रेकॉर्डिंगचं माप १९२० × १०८० पिक्सेल धरू. १६:९ची स्लाइड १४४० रुंदीवर आणली की उंचीही ८१० होते आणि २७० पिक्सेलची आडवी पट्टी वाया जाते. तीच स्लाइड ४:३ केली तर ती बरोबर १४४० × १०८० बसते, म्हणजे उंची पूर्ण वापरली जाते आणि उजवीकडे ४८० रुंदीचा उभा रकाना तुम्हाला मिळतो. PowerPoint मध्ये दोन्ही प्रमाणांची उंची साडेसात इंचच असते, त्यामुळे २४चा फॉन्ट ४:३ मध्येही ४८ पिक्सेलचाच राहतो. लहान केलेल्या स्लाइडवर तो ३६ होतो.

डेटा वाचवायला मुलं ३६०p वर बघतात, तिथे हा फरक १६ आणि १२ पिक्सेलचा होतो. १२ पिक्सेलमध्ये ‘कर्जावरील व्याज’ लिहून बघा. रफार आणि ‘व्या’मधली जोडणी ओळखू येत नाही.

राजाभाऊ: एवढा हिशोब कशाला? Design मध्ये Slide Size, त्यात Standard (4:3), मग Ensure Fit दाबायचं. दोन मिनिटांत जुन्या सगळ्या स्लाइड तयार.

सदानंद: राजाभाऊ, रस्ता बरोबर आहे, पण शेवटचं बटण घात करतं. Ensure Fit सगळा मजकूर रुंदीत बसवायला पाऊणपट करतं. २४चा फॉन्ट १८चा होतो, म्हणजे पुन्हा ३६ पिक्सेलच, आणि वर-खाली जागा मोकळी पडते ती वेगळीच. Maximize निवडा. मजकूर कडेबाहेर जाईल, तो हाताने आत घ्यावा लागेल. वेळ जातो, पण आकार टिकतो.

निलेश: मला हे पटत नाही. पुस्तपालनात तीन भागीदारांचं भांडवल खातं म्हणजे दोन्ही बाजूंचे मिळून आठ रकाने. ४:३ मध्ये २४च्या फॉन्टने ‘१,२०,०००’ सुद्धा रकान्यात मावत नाही, शेवटचं शून्य खालच्या ओळीत पडतं. मुलांनी खातं बघायचं की बाईंचा चेहरा? सुरुवातीला मिनिटभर दिसा, शेवटी दिसा, मधे पूर्ण रुंदी खात्याला द्या. OBS मध्ये दोन सीन करून Settings मधल्या Hotkeys ला एकेक कळ लावली की काम झालं.

मुग्धा: निलेशदादा, माझा मुलगा श्रवणयंत्र लावतो आणि ओठांवरून बरंच समजून घेतो. नेमकं खातं आलं की शिक्षक गायब झाले, तर त्याला ‘नावे’ की ‘जमा’ हेच कळत नाही. कोपऱ्यातल्या टिकलीएवढ्या चौकटीत ओठ दिसत नाहीत. आणि प्रकाश समोरून हवा. खिडकी पाठीमागे असली की चेहरा काळा पडतो.

सदानंद: मुग्धाताईंचं ऐकून चौकट मोठी ठेवा, वर्षाताई. कॅमेरा १२८० × ७२० असेल तर OBS मध्ये तो निवडून Ctrl+E ने Edit Transform उघडा आणि डावी-उजवीकडून प्रत्येकी ३७० कापा. उरलेला ५४० × ७२० चा उभा तुकडा रकान्यात ४८० × ६४० होऊन बसतो. तो वरच्या टोकाला लावा. खालची जागा कोरीच राहू दे, तिथे धड्याचं नाव किंवा चित्र घालू नका. स्लाइड शोमध्ये ४:३च्या दोन्ही बाजूंना २४० च्या काळ्या पट्ट्या येतात, त्याही कापा. लॅपटॉपचा पडदा १३६६ × ७६८ असेल तर मात्र स्लाइड ७६८ उंचीवरून ताणली जाईल आणि अक्षराच्या कडा मऊ होतील. तो दोष मांडणीचा नाही.

भांडवल खात्यासाठी निलेशचा दुसरा सीन घ्याच. पण आधी नावे बाजू वेगळ्या स्लाइडवर चेहऱ्यासकट शिकवा, मग जमा, आणि शिल्लक काढताना तेवढं पूर्ण रुंदीचं खातं दाखवा.

निलेश: खातं असं तोडलं की बाकी कुठल्या बाजूला कमी पडतेय हे मुलांना दिसत नाही. शिल्लक काढणं म्हणजे दोन्ही बाजू एका नजरेत बघणंच आहे.

मुग्धा: आणि शिल्लक काढतानाच सगळ्यात जास्त बोललं जातं. तिथे निदान बोलण्याची ठळक उपशीर्षकं तरी द्या.

वर्षा: उपशीर्षकं खाली आली तर पुन्हा बेरजांवरच बसतील ना? त्या सीनमध्ये खातं थोडं वर सरकवून बघते. ‘भागीदाराची निवृत्ती’ हा धडा ४:३ मध्ये करतेय. Maximize नंतर चार स्लाइडवरचे तक्ते बाहेर गेलेत, ते आज आत घेते.