फरक हजार नोंदींचा, दुरुस्तीत हलतात 600 एमबी. मर्कल ट्री चुकतोय का?

द्राक्षबाग_पिंपळगाव: शीतगृहांच्या सेन्सर नोंदींसाठी आम्ही स्वतःचा की-व्हॅल्यू स्टोअर लिहिलाय. सातपूर, अंबड आणि सिन्नर अशा तीन ठिकाणी पूर्ण प्रती आहेत. प्रत्येक ठिकाणी सुमारे 2 कोटी की, एक नोंद साधारण 1 केबी. सिन्नरचा नोड बंद पडून परत आला की मर्कल ट्रीने फरक शोधतो. ट्रीची खोली 15. परवाच्या चाचणीत खरा फरक हजारेक कींचा होता, पण लाइनवरून जवळपास 600 एमबी गेले. गॉसिप आधीपासून चालू आहे. कुठे सुधारावं?

अंबड_लिंकरोड: सर्वात आधी क्रोनी तपासा. घड्याळं सरकली की असंच होतं.

गंगापूर_धरण: गॉसिप आहेच, तर प्रत्येक नोडने रूट हॅश त्यातूनच पसरवावा. दर सेकंदाला कळेल कोण वेगळं पडलंय. ट्री फक्त तेव्हाच चालवायचा.

सोमेश्वर: ट्री चुकत नाहीये, तुमचा आकडा अगदी हिशोबाला धरून आहे. खोली 15 म्हणजे 32768 पानं, एका पानात सुमारे 610 की. हजार फरक विखुरलेले असतील तर काही एकाच पानात पडतात, म्हणून साधारण 985 पानं वेगळी दिसतात. तुम्ही वेगळं पान दिसलं की ते सगळंच पाठवता. 985 गुणिले 610 केबी, झाले 600 एमबी. एका नोंदीसाठी 609 शेजारणी उगाच हलतात.

उपाय असा की पान वेगळं निघालं तर लगेच व्हॅल्यू पाठवू नका. त्या पानाची यादी पाठवा: कीचा हॅश, आवृत्तीची वेळ आणि व्हॅल्यूचा हॅश, प्रत्येकी 8 बाइट. सहा लाख कींचे 24 बाइटने 14 एमबीच्या आसपास होतात. यादी जुळवून फक्त हजार व्हॅल्यू मागवायच्या, तो आणखी 1 एमबी.

पानाची हद्द मात्र कीच्या हॅशवरूनच ठरवा, नोंदी मोजून नाही. मोजून पाडलीत तर एक नवी की आली की पुढची सगळी पानं सरकतात आणि सगळंच वेगळं दिसतं.

```
leaf = hash64(key) >> (64 - 15)
```

द्राक्षबाग_पिंपळगाव: हद्द हॅशवरूनच आहे. खोली 20 केली तर यादीची गरजच उरणार नाही ना?

सोमेश्वर: पानं 10,48,576 होतील, एका पानात 19 की, म्हणजे हजार फरकांना 19 एमबी. चांगलंच आहे. पण 32 बाइटच्या हॅशने नुसती पानांची पातळी 32 एमबी भरते. ती सरसकट पाठवलीत तर बचत गेली. वरून खाली फक्त वेगळ्या फांद्या उतरायच्या, तेही एका फेरीत चार पातळ्या, नाहीतर वीस फेऱ्यांत लाइनचा उशीर खाईल. मी 15 आणि यादी हेच सुचवेन, कोड कमी लागतो.

गंगापूर_धरण, लिहिणं चालू असताना तिन्ही रूट जवळजवळ नेहमीच वेगळे असणार, मग गॉसिप दर सेकंदाला खोटी हाक देईल. महिन्यापूर्वीच्या, आता न बदलणाऱ्या डेटाचा वेगळा ट्री ठेवला तर तुमची सूचना उत्तम. एरवी गॉसिपचं काम नोड जिवंत आहे का आणि कुठली रेंज कोणाकडे, एवढंच.

आणि हे 600 एमबी घड्याळामुळे जात नाहीत, पण कोणाची नोंद टिकणार ते वेळच ठरवते. ट्री नुसतं 'वेगळं आहे' म्हणतो, बरोबर कोण ते सांगत नाही. तेव्हा क्रोनीचा सल्ला वाया नाही.

त्र्यंबक_रोड: आमच्याकडे कॅसांड्रा आहे. `nodetool repair -pr` एकाच नोडवर चालवून लोक निर्धास्त होतात. तो पर्याय त्या नोडच्या प्राथमिक रेंजच बघतो, सगळ्या नोडवर आळीपाळीने चालवावा लागतो. शिवाय `gc_grace_seconds` ची मुदत, मुळात 10 दिवस, संपायच्या आत. नाहीतर पुसलेली नोंद परत उगवते.

सोमेश्वर: हे स्वतःच्या स्टोअरलाही लागू आहे. सातपूरने खोडल्याची खूण साफ केली, सिन्नरकडे जुनी व्हॅल्यू राहिली, तर दुरुस्ती ती व्हॅल्यूच परत पसरवेल. खूण अजून एकाकडे आणि दुसऱ्याकडे साफ, असं झालं तर तेच पान दर वेळी वेगळं दिसत राहतं. म्हणून हॅश काढताना एकच कटऑफ वेळ समन्वयक नोडने ठरवून तिघांना द्यावी आणि त्याआधीच्या खुणा तिघांनी सारख्याच वगळाव्यात.

गंगापूर_धरण: पटलं. पण दर वेळी 20 जीबी वाचून ट्री बांधण्यापेक्षा प्रत्येक लिहिण्यासोबत पानाचा हॅश बदलत नेला तर?

सोमेश्वर: चालतं, रियाक ट्री डिस्कवर ठेवतो. पण जुना हॅश वजा करायला आधी जुनी नोंद वाचावी लागते, लिहिणं मंदावतं. आणि डिस्कवर बाइट बिघडला तर साठवलेल्या ट्रीला पत्ताच नसतो, म्हणून अधूनमधून तो नव्याने बांधावाच लागतो.

द्राक्षबाग_पिंपळगाव: सेन्सर नोंदी आम्ही कधी बदलत नाही, फक्त जोडतो. मग जुनी वाचायची गरज नाही?

सोमेश्वर: नवी नोंद असेल तर नाही. पण तीच नोंद नेटवर्कच्या गडबडीत दोनदा पोचली आणि पानात एक्सॉर वापरत असाल, तर दुसऱ्या वेळी ती हॅशमधून नाहीशी होईल. आधीपासून आहे का एवढं ब्लूम फिल्टरने पाहता येईल, पण 'असेल' असं उत्तर आलं की डिस्क वाचावीच लागेल. तुमच्याकडे दोनदा येण्याचं प्रमाण किती, ते आधी मोजा.