आईचा उजवा शुक्र बसलाय म्हणे. उंचवटा सपाट आहे हे ठरवतात कसं?

मृण्मयी_सातारा
आईचं वय ५८. गेल्या आठवड्यात नात्यातल्या लग्नात एका गृहस्थांनी तिचा हात बघितला. म्हणाले, डाव्या हाताचा शुक्र, म्हणजे अंगठ्याखालचा उंचवटा, छान भरलेला आहे, उजव्याचा पार बसलाय. जन्मतः माया भरपूर होती, पुढे आटली. त्या दिवसापासून आई गप्प गप्प आहे. उंचवटा उठलेला की सपाट हे नेमकं बघतात कसं? आणि एकाच माणसाच्या दोन हातांत एवढा फरक पडतो का?

आप्पा_वाईकर
चाळीस वर्षं हात बघतोय, म्हणून आधी एक सांगतो. चार माणसांत, मांडवात उभ्या उभ्या एखाद्या बाईला "तुमची माया आटली" म्हणणं ही हात बघण्याची रीतच नव्हे. आईंना सांगा, ते वाक्य मनातून काढून टाका.

आता बघायचं कसं ते. हात ताणायचा नाही. बरेच जण "बोटं पसरा, तळवा ताठ करा" म्हणतात आणि तिथेच चुकतात. बोटं मागे ताणली की बोटांच्या मुळाशी असलेली हाडांची टोकं पुढे येतात, कातडी त्यांच्यावर ताणली जाते आणि तर्जनीपासून करंगळीपर्यंत बोटांखालचे गुरू, शनी, रवी, बुध हे उंचवटे सगळेच सपाट वाटतात. फुगतं ते बोटांच्या मधल्या जागेत. बोटं थोडी मिटली की तेच चौघे वर येतात. शुक्राचं तर आणखी सोपं आहे. अंगठा तर्जनीला घट्ट चिकटवा, शुक्र लगेच उठलेला दिसेल. म्हणून हात मांडीवर किंवा टेबलावर सैल टाकायला सांगायचा, खिडकीकडून तिरपा उजेड घ्यायचा आणि डोळा तळव्याच्या पातळीला आणून आडवं बघायचं. वरून बघितलं की उंची कळत नाही, नुसता रंग कळतो.

मग आपल्या अंगठ्याने दाबायचं. दाबल्यावर मांस लगेच परत येतं की खड्डा रेंगाळतो, हे उंचीइतकंच महत्त्वाचं. मऊ, पिठाच्या गोळ्यासारखा उंच शुक्र आणि घट्ट, भरीव उंच शुक्र हे दोन वेगळे शुक्र. आणि तुलना त्याच हातातल्या बाकीच्या उंचवट्यांशी करायची, शेजारच्या माणसाच्या हाताशी नाही. शुक्र आणि करंगळीच्या बाजूला, मनगटाजवळच्या कडेचा चंद्र बहुतेक हातांत सगळ्यांत उंच असतातच. मधल्या बोटाखालचा शनी बहुतेकांचा सपाटच असतो, तो सपाट दिसला म्हणून कुणाला घाबरवू नये.

शोभाकाकू
शुक्र कमजोर असेल तर पत्रिकेत तो कन्येत नीचेचा आहे का ते बघा. माझ्या जावेचा होता, तिला ओपल घालायला सांगितला होता.

आप्पा_वाईकर
शोभाताई, हातावरचा शुक्र आणि पत्रिकेतला शुक्र एक नाहीत. नीचेचा शुक्र असूनही अंगठ्याखाली मुठीएवढा उंचवटा असलेले हात मी बघितलेत. एकावरून दुसऱ्याचा खडा ठरवू नये. मृण्मयी, खड्यावर एक रुपया घालवू नकोस.

जिमवाला_प्रसाद
हे सगळे उंचवटे म्हणजे स्नायू. वापर वाढला की वाढतात, थांबला की बसतात. दोन वर्षं वजनं उचलतोय, माझा गुरू आणि शनी दोन्ही उठलेत. यात ग्रहांचा काय संबंध?

अनघा_फिजिओ
प्रसाद, तुझं अर्धं बरोबर आहे. अंगठ्याखालचा शुक्र खरंच स्नायूंचा आहे, करंगळीच्या बाजूच्या कडेचा भागही बराचसा स्नायूंचाच. पण बोटांच्या मुळाशी वर दिसतं ती मुख्यतः चरबीची गादी. वजनं उचलून तिथे येतात ते घट्टे, म्हणजे जाड झालेली कातडी. नखाने घासून बघ, टणक आणि पिवळट लागेल. कुदळ-फावडं धरणाऱ्यांच्या हाताला तिथेच येतात.

मृण्मयी, मला तुझ्या आईची काळजी वाटते. डावा भरलेला आणि उजवा बसलेला, हे ऐकल्यावर माझ्या डोळ्यांसमोर माया येत नाही, मनगट येतं. चार गोष्टी बघ. रात्री हात बधिर होऊन त्या जाग्या होतात का, हात झटकल्यावर बरं वाटतं का? मुंग्या अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांनाच येतात आणि करंगळी सुटते का? साडीची पिन, पोळपाटावरची चिमूटभर पिठी, ब्लाउजचं हूक यांत हात चुकतो का? आणि शेवटचं म्हणजे दोन्ही हात टेबलावर उताणे ठेवून अंगठा सरळ छताकडे उचलायला सांग आणि तू तो बोटाने खाली दाब. दोन्ही बाजूंच्या जोरात फरक लागला तर लगेच कळव.

विवेक_नाशिक
अनघाताईंनी मुद्द्यावर बोट ठेवलं. माझा आक्षेप मात्र आप्पांच्या पद्धतीवर आहे. तुम्ही बघण्याची रीत इतकी काळजीपूर्वक सांगितलीत, ते पटलं. पण उंची नीट मोजली म्हणून अर्थ खरा ठरत नाही. गुरू उठलेला असेल तर नेतृत्व. माणूस नेता नसेल तर म्हणायचं, अति उठलाय, म्हणून नुसता अहंकार. सपाट असून माणूस पुढारी निघाला तर अंगठा मजबूत. असं बोलणं कधी चुकतच नाही, म्हणून ते तपासताही येत नाही. आणि त्या मांडवातल्या बाईंनी काय करायचं?

आप्पा_वाईकर
विवेक, आक्षेप रास्त आहे, असं बोलणारे फार आहेत. म्हणून तर मी नुसत्या उंचीवर बोलत नाही. विल्यम बेनहॅम या अमेरिकन माणसाने १९०० साली हातावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात उंचवट्याचं शिखर धरायला सांगितलंय. भिंग घेऊन बोटाखालच्या कातडीच्या बारीक रेघा बघा. एका ठिकाणी तीन बाजूंनी आलेल्या रेघा मिळून छोटा त्रिकोण होतो, तेच शिखर. ते बोटाच्या बरोबर मध्याखाली आहे की शेजारच्या बोटाकडे सरकलंय, त्यावरून उंचवटा कुणाच्या बाजूने झुकलाय ते ठरतं. हात मऊ असो, सुजलेला असो, म्हाताऱ्याचा असो, शिखर हलत नाही.

अनघा_फिजिओ
त्रिकोण खरा आहे, आम्हालाही शिकवतात. गर्भात सातव्या आठवड्याच्या सुमारास तळव्यावर छोट्या गाद्या उठतात, पुढे त्या बसत जातात आणि त्याच काळात कातडीच्या रेघा तयार होतात. रेघांचा नमुना पाचव्या महिन्याच्या आसपास पक्का होतो, पुढे जन्मभर तोच. अनामिकेखालचा त्रिकोण तर काहींच्या हातावर नसतोच.

विवेक_नाशिक
मग आप्पा, इथेच अडचण आहे. शिखर जन्माआधीच ठरतं आणि कधी हलत नाही. उंची मात्र वजन, वय, काम, आजार यांनी बदलते. स्वभाव यातल्या नेमक्या कशात आहे? शिखरात असेल तर "पुढे माया आटली" म्हणता येत नाही. उंचीत असेल तर अनघाताई म्हणतात तसं मनगटाचं दुखणं स्वभाव ठरतं. आणि अनामिकेखाली शिखरच नसेल त्याचा रवी कसा बघणार?

आप्पा_वाईकर
शिखर नसेल तिथे मी रवीबद्दल बोलत नाही, रेषेवर बोलतो. बाकीच्यावर माझं म्हणणं असं की शिखर म्हणजे ठेवण आणि उंची म्हणजे आजची स्थिती. डावा जन्माचा आणि उजवा कर्माचा ही वाटणी मात्र मला स्वतःला कधीच पटली नाही. डावखुऱ्यांचं काय करायचं, यावर माझ्या गुरूंकडेही उत्तर नव्हतं. तुझं पूर्ण समाधान होईल असं उत्तर माझ्याकडेही नाही. पण घट्ट, उबदार, भरलेला शुक्र आणि माणसात रमणारा स्वभाव हे मी इतक्या हातांत एकत्र बघितलंय की ते सोडून देणं मला जमणार नाही.

विवेक_नाशिक
बघितलंत तेव्हा माणूस समोर बसलेला होता. त्याचं बोलणं, हसणं तुम्ही आधीच ऐकलेलं असतं. पडद्यामागून नुसते वीस हात पुढे येऊ द्या, तुम्ही आणि तुमच्याइतकाच जाणता दुसरा कोणी, दोघांनी वेगवेगळं लिहा.

आप्पा_वाईकर
तयार आहे. शुक्र किती उंच यावर आम्हा दोघांचं जमेल. माणूस कसा यावर जमेल की नाही, ते करूनच बघू.

शोभाकाकू
पण हे शास्त्र आपल्या ऋषींचं आहे ना? मग परदेशी माणसाचा ग्रंथ कशाला?

आप्पा_वाईकर
सामुद्रिक आपलं, पण ग्रहांच्या नावाचे हे उंचवटे युरोपातून आले. आपल्याकडे तळहाताची वाटणी तीर्थांची. आचमनाचं पाणी अंगठ्याच्या मुळाशी, ते ब्राह्मतीर्थ. तर्पणाचं पाणी अंगठा आणि तर्जनीच्या मधून सोडतो, ते पितृतीर्थ. ज्या जागेला आज शुक्र म्हणतो तिथूनच आपण आचमन घेतो. जागा तीच, वाटणी वेगळी.

मृण्मयी_सातारा
अनघाताई, काल रात्री बघितलं. करंगळी सोडून बाकीच्या बोटांना मुंग्या येतात. पहाटे उठून हात झटकते, वर्षभर झालं म्हणे, कुणाला बोलली नाही. टेबलावर हात ठेवून आप्पांनी सांगितलं तसं आडवं बघितलं. उजव्या अंगठ्याखाली सगळंच सपाट नाही! आतल्या बाजूला, तळव्याकडे मांस आहे, पण बाहेरच्या कडेला हाडालगत लांबट खोबण पडलीय, माझं बोट त्यात बसतं. अंगठा वर उचलते, पण मी दाबला की उजवा लगेच पडतो. डावा मला पाडता येत नाही.

अनघा_फिजिओ
ही खोबणच बोलकी आहे. मनगटाच्या बोगद्यातून मधली नस जाते, ती दाबली की अंगठ्याच्या बाहेरच्या कडेचे स्नायू सुकतात. आतल्या बाजूच्या स्नायूंना करंगळीकडची दुसरी नस जाते, म्हणून ते शाबूत राहतात. वय वाढून किंवा वजन घटून बसलेला शुक्र दोन्ही हातांत सारखा आणि सगळीकडून बसतो, असा एका कडेला खणल्यासारखा दिसत नाही. अंगठ्याच्या सांध्याची झीजही असू शकते, म्हणून बघूनच ठरवू नको. हाडांच्या किंवा मेंदू-नसांच्या डॉक्टरांकडे जा, नसेची तपासणी करतील. शुगर आणि थायरॉइडही करून घे. थांबू नका, कारण मुंग्या उपचाराने जातात, पण सुकलेला स्नायू प्रत्येक वेळी परत भरत नाही.

आप्पा_वाईकर
चाळीस वर्षांत एका बाजूने बसलेले असे किती शुक्र मी बघितले असतील आणि त्यावर काय बोललो असेन, याचा काल रात्रभर विचार करत होतो. यापुढे शुक्रावर बोलण्याआधी रात्री हात बधिर होतो का, हे विचारीन.

मृण्मयी_सातारा
तपासणी झाली. उजव्या मनगटात नस चांगलीच दाबली गेलीय, डाव्यातही थोडी. रात्री पट्टा बांधायला दिलाय, ऑपरेशनचं पुढच्या सोमवारी ठरेल. आईला सगळं समजावलं. तिचा पहिला प्रश्न होता, डावाही असाच बसेल का?

अनघा_फिजिओ
बसेलच असं नाही. डाव्यालाही रात्री पट्टा बांधा, आणि महिन्यातून एकदा तोच अंगठा दाबून बघ. आज तुला पाडता येत नाही, ते लिहून ठेव.