सकाळची शाळा, चित्रांचा तक्ता आणि मिनिटांचा हिशोब – तुमच्या घरी कसं जमलं?

निशिगंध_ठाणे
माळा आवरताना लेकाचा दुसरीतला चित्रतक्ता सापडला. तो आता नववीत आहे, पण तक्ता हातात घेतला आणि त्या वेळची सकाळ जशीच्या तशी डोळ्यापुढे आली. म्हणून हा धागा. ज्यांनी ज्यांनी मुलांसाठी असं काही केलंय त्यांनी लिहा, जमलं ते आणि न जमलं ते पण.

आमची बस ६:५० ला गेटवर. रोज आरडाओरडा, रोज कोणीतरी रडायचं. शेवटी मी आठवडाभर काही न बोलता फक्त घड्याळ बघून लिहून ठेवलं, कशाला किती वेळ लागतो ते. घरात सगळे धरून चालले होते की कपडे म्हणजे ३ मिनिटं. लागायची ९! कारण बटणं वरून लावायला घ्यायचा, एक घर चुकलं की शेवटी कळायचं आणि परत सगळी काढायची. मग बसपासून उलटं मोजत आले. लिफ्ट धरून खाली जायला ५, म्हणजे ६:४५ ला दाराबाहेर. बूट-मोजे ५, म्हणजे ६:४०. दूध-पोळी १२, म्हणजे ६:२८. कपडे ९, ६:१९. अंघोळ ८, ६:११. शी आणि दात मिळून १४, ५:५७. अंथरुणात लोळणं ७, आणि ते धरायलाच लागतं कारण ते होतंच. म्हणजे उठायला हवं ५:५० ला, आणि आम्ही त्याला उठवत होतो ६:१० ला. वीस मिनिटं मुळातच नव्हती, ती कितीही ओरडून कुठून येणार.

मग सात चित्रं, लॅमिनेशन, मागे वेलक्रो. झालं की चित्र उपटून खालच्या खिशात टाकायचं. तो वेलक्रोचा चर्र आवाज त्याला फार आवडायचा. बटणं खालून वर लावायला शिकवली, खालचं टोक दिसतं त्यामुळे घर चुकत नाही, त्यात बराच वेळ वाचला. आणि झोपायची वेळ नऊच्या आत आणावी लागली, ते सगळ्यात अवघड गेलं.

बाबाची_धावपळ
ताई मस्त. आमच्याकडे मी एकटाच असतो सकाळी, बायको नर्स आहे, नाईट असली की ती यायच्या आत मुलगी गेलेली असते. मी फोनवर प्रत्येक स्टेपचा वेगळा अलार्म लावलाय, दाताला एक गाणं, कपड्याला एक. आणि प्रत्येक स्टेपला एक स्टार. २१ दिवस केलं की सवय लागते म्हणतात, मग स्टार बंद. आम्ही आत्ता दुसऱ्या आठवड्यात आहोत, जोरात चाललंय.

कोकणची_माय
पोळी सकाळी सहा वाजता कोण खातं हो?? माझी दोघं त्या वेळी पाणी पण पीत नाहीत. शाळेत गेल्यावर पहिल्या सुट्टीत डबा फस्त.

निशिगंध_ठाणे
@कोकणची_माय अगं तूप-साखरेची सुरळी, हातात धरून. कधी अर्धी बसमध्ये.

ओटी_नाशिक
मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच मुलांसाठी आम्ही असे तक्ते करतो, पण कुठल्याही मुलाला उपयोग होतो. निशिगंधताईंनी आधी वेळ मोजली ती पायरी लोक हमखास गाळतात, म्हणून मुद्दाम सांगते की तेच खरं काम आहे.

दुसरं, मुलं बहुतेक वेळा कामात अडकत नाहीत, दोन कामांच्या मधे अडकतात. दात घासून झाले, आता बाथरूममधून बाहेर पडून कपड्यांपर्यंत जायचं, तेवढ्यात खिडकीत कबुतर दिसतं की संपलं. म्हणून तक्ता जिथे ते वळण आहे तिथे हवा, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर. फ्रीजवर आपल्या उंचीला लावलेला तक्ता आपल्यासाठी असतो. माझ्याकडच्या एका घरात दोन तुकडे केले, बाथरूमच्या दाराशी तीन चित्रं आणि कपाटाच्या दारावर चार, तेव्हा चाललं.

आणि तक्ता लावल्यावर आपण गप्प बसायचं. हे लोकांना जमत नाही. तक्ता पण आहे आणि आपण "चल आता दात, चल आता कपडे" पण म्हणतोय, मग मूल चित्राची नाही, आपल्या आवाजाची वाट बघायला शिकतं. बोलायच्या ऐवजी नुसतं बोट दाखवा, मग काही दिवसांनी बोट पण कमी करा. तक्ता चाललाय की नाही हे ओळखायची खूण सोपी आहे, एक काम झालं की मूल तक्त्याकडे बघतं की तुमच्याकडे?

@बाबाची_धावपळ गाणं छान आहे, फक्त गाणं संपलं की काय करायचं हे पण तिला चित्रातून दिसू द्या. २१ दिवसांचं मात्र धरून बसू नका. लंडनमध्ये मोठ्या माणसांवर एक अभ्यास झाला होता, त्यात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कोणाला १८ तर कोणाला २५० च्या वर. स्टार एकदम बंद केले तर तिला वाटेल आपलं काहीतरी चुकलं.

बाबाची_धावपळ
६६!! बरं. मग स्टारची पाकिटं अजून आणायला लागतील. पण स्टारमुळे ती खरंच उड्या मारत उठते, ते मी सोडणार नाही.

आजी_सांगली
तयार तक्ता स्टेशनरीत मिळतो का? नातीला शाळेत 'चांगल्या सवयी' वर करून न्यायचा आहे, सोमवारपर्यंत.

कोकणची_माय
आजी तो वेगळा, इथे सगळे घरी भिंतीवर लावायच्या तक्त्याचं बोलतायत. पण मिळतो, शालेय तक्त्यांत 'चांगल्या सवयी' असं मागा, दुकानदाराला कळतं. चित्रं कापून कार्डशीटवर चिकटवा.

आजी_सांगली
बरं बरं. आशीर्वाद.

झेडपी_गुरुजी
आमच्या गावाकडे शाळा साडेदहाची, त्यामुळे पोरं सकाळी गुरं सोडून, पाणी भरून येतात, तक्ता लागत नाही. पण शनिवारी सकाळची शाळा, आणि उन्हाळ्यात तर रोजच सकाळची. तेव्हा पहिली-दुसरीची निम्मी पोरं पारोशी आणि उपाशी येतात. एका आईनं (शिकलेली नाही, पण हुशार बाई) दाराच्या मागे कोळशानं सूर्य, तांब्या, भाकरी, दप्तर काढलं होतं, फक्त शनिवारसाठी. मी बघून चकित झालो. ज्यांचा एक दिवस वेगळा असतो त्यांनी त्या दिवसाचा तक्ता वेगळाच करावा, एकाच तक्त्यात बदल केला की लहान पोरांचा गोंधळ होतो.

बाकी फेब्रुवारी २०२४ ला शासनाने काढलं होतंच की चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नका म्हणून. लेकरांची झोप होत नाही हेच कारण दिलं होतं.

पुणेकर_आई२
गुरुजी काढलं हो, आमच्या मुलाच्या शाळेत अजून ७:१० च आहे. दोन शिफ्ट आहेत, दुपारी मोठी मुलं येतात, बस त्याच. पालक सभेत विचारलं तर हेच उत्तर. आणि खरं सांगायचं तर निम्म्या पालकांनाच सकाळची हवी आहे, त्यांना ऑफिसला जाताना सोडता येतं.

कोकणची_माय
आमच्यात पण सेम वाद झाला, व्हॉट्सॅप ग्रुपवर तीन दिवस. शेवटी ॲडमिनने ग्रुप बंद केला.

कॅल्गरीची_वहिनी
इथे शाळा साडेआठची, पण डिसेंबरात तोपर्यंत अंधारच, आणि उणे वीसला स्नोपँट, जॅकेट, बूट, टोपी, हातमोजे. आमच्या तक्त्यावर क्रम हाच सगळा खेळ आहे. शू आधी, मग स्नोपँट, मग बूट, मग जॅकेट, आणि हातमोजे सगळ्यात शेवटी कारण हातमोजे घातल्यावर चेन लागत नाही. पहिल्या वर्षी मुलगी हातमोजे आधी घालायची आणि चेनवरून रडायची. मी तिचेच कपडे जमिनीवर एकेक ठेवून फोटो काढले. नेटवरची चित्रं लावली होती तर म्हणायची ही माझी टोपी नाही, माझी निळी आहे.

ओटी_नाशिक
वहिनी अगदी बरोबर. लहान मुलांना किंवा ज्यांना बोललेलं समजायला वेळ लागतो त्यांना त्यांच्याच वस्तूचा फोटो लवकर कळतो, चितारलेली बाहुली नंतर. वाचता यायला लागलं की नुसती यादी पुरते.

स्वमग्न_आईबाबा
माझा मुलगा ऑटिस्टिक आहे, नऊ वर्षांचा. आमच्याकडे तक्ता भिंतीवर नाही, त्याच्या हातात एका वेळी दोनच चित्रं, 'आधी' आणि 'मग'. आधी कपडे, मग झोका. सात चित्रं एकदम दिसली की तो सगळी फाडायचा. ते लाल चकतीचं घड्याळ आणलंय, वेळ जाते तशी लाल चकती कमी होत जाते, त्याला '५ मिनिटं' कळत नाही पण लाल संपत आलं ते कळतं. फक्त शेवटी वाजतं ते त्याला सहन होत नाही, आवाज बंद करून वापरतो. पण शीला काय करू? तिथेच पाऊण तास जातो.

ओटी_नाशिक
@स्वमग्न_आईबाबा शीला घड्याळ लावू नका, अजिबात. घाई केली की मूल धरून ठेवायला शिकतं, मग कडक होते, दुखते, मग जायलाच घाबरतं. त्याचे पाय टेकतात का बघा, कमोडवर लटकत असतील तर खाली स्टूल द्या, गुडघे कमरेच्या वर यायला हवेत. आणि शी शाळेच्या आधीच झाली पाहिजे हा हट्ट सोडून संध्याकाळी जेवणानंतर बसवून बघा, खाल्ल्यावर आतडं आपोआप हलतं. पाऊण तास रोज जात असेल तर एकदा बालरोगतज्ज्ञांना पोट दाखवा, आधीच बद्धकोष्ठ असेल तर तक्त्याने काही होणार नाही.

स्वमग्न_आईबाबा
पाय लटकतात. स्टूल आजच बघते. थँक्यू ताई, हे कोणी सांगितलं नव्हतं.

पुणेकर_आई२
शीचं वाचून आठवलं, निशिगंध तू अंघोळ सकाळी का ठेवलीस? आम्ही रात्री घालतो, ८ मिनिटं तिथेच वाचली.

निशिगंध_ठाणे
सासूबाईंना पटायचं नाही गं, पारोसं शाळेत नको. आणि खरं तर तो अंघोळीशिवाय जागाच व्हायचा नाही. दप्तर, मोजे, पाण्याची बाटली मात्र रात्रीच दाराशी.

झेडपी_गुरुजी
सासूबाईंचं बरोबर आहे.

पुणेकर_आई२
गुरुजी!! :) मुलं रात्री स्वच्छ झोपतात, सकाळी तोंड-हातपाय धुतात, पारोशी कशी?

बाबाची_धावपळ
मला एक सांगा, वेलक्रो बाथरूमच्या दाराला टिकतो का? माझा चिकटपट्टीचा तक्ता वाफेने दोनदा खाली पडला, आणि पडला की मुलगी म्हणते आज सुट्टी.

निशिगंध_ठाणे
चिकटणारा वेलक्रो भिंतीवर नको, लॅमिनेट केलेल्या पुठ्ठ्यावर लावा आणि पुठ्ठा दोरीने खिळ्याला टांगा. दार रंगवलेलं असेल तर रंगासकट निघतो.

कॅल्गरीची_वहिनी
किंवा चुंबक, कपाट लोखंडी असेल तर. गोदरेजचं जुनं कपाट असेल ना घरी?

बाबाची_धावपळ
आहे! आईचं. विचारून बघतो, त्यावर ती काही लावू देत नाही.