डाएट ॲपचे स्क्रीनशॉट आहेत, जेवणानुसार प्रोटीन-कार्ब्ज-फॅटची बेरीज कशी लावावी? (फुकटात)

सायली_नाशिक
आहारतज्ज्ञ बाईंनी दिवसाचं लक्ष्य दिलंय: प्रोटीन ८५ ग्रॅम, कार्ब्ज २००, फॅट ५५. पुढच्या भेटीला येताना सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र अशी वेगवेगळी बेरीज आणायला सांगितलंय. माझ्या ॲपच्या फुकट आवृत्तीत तिन्ही आकडे फक्त पदार्थापुढे दिसतात, जेवणाच्या वर नुसत्या कॅलरी. सात दिवसांचे स्क्रीनशॉट काढून ठेवलेत. मंगळवारची बेरीज हाताने केली, प्रोटीन-कार्ब्ज-फॅट या क्रमाने:
सकाळ (पोहे, चहा) ९, ५८, १२
दुपार ४१, १८१, १७
संध्याकाळ (चहा, चिवडा) ५, ३०, १०
रात्र (भाकरी, पिठलं) १५, ६२, १४
म्हणजे प्रोटीन ७०, फक्त १५ कमी. कार्ब्ज मात्र ३३१! काहीतरी चुकतंय का? सोपी पद्धत सांगा. खर्च करायचा नाहीये. शाकाहारी आहे.

घाटी_डंबेल
ताई, पेड आवृत्ती घ्या, विषय संपला. मी दोन वर्षं वापरतोय, जेवणानुसार गोल चक्रच काढून देतं. आणि १५ ग्रॅमचं काय घेऊन बसलात, व्हेचा एक स्कूप मारा. माझं रोजचं १६० होतं.

रानजाई
"खर्च करायचा नाहीये" असं लिहिलंय हो त्यांनी.
ताई, मी फोटोतला मजकूर फोनवरच कॉपी करून शीटमध्ये टाकायचे. एकदा ५.५ चं ५५ झालं, टिंबच उडालं. आठवडाभर मी खुशीत, की माझं प्रोटीन मस्त चाललंय.

बडोदेकर
आमच्या मेव्हण्यांनी असंच प्रोटीन वाढवलं आणि क्रिएटिनिन वाढलं. आधी रक्त तपासा. आकड्यांच्या मागे कशाला लागायचं? आमच्या आजीने कधी ग्रॅम मोजले नाहीत.

लेखनिक
सायलीताई, दुपारच्या ओळी एकेक करून द्याल का? आणि ॲपने दुपारच्या वर कॅलरी किती दाखवल्यात?

सायली_नाशिक
दोन पोळ्या ६, ३६, ६. तूर डाळ १०० ग्रॅम २२, ६०, २. भात ३, ३४, ०. भात ३, ३४, ०. फ्लॉवर-बटाटा ३, १२, ५. दही ४, ५, ४. वर ८९३ लिहिलंय.

लेखनिक
भात दोनदा आलाय बघा. यादी लांब असली की आपण स्क्रीन सरकवून दुसरा फोटो काढतो, आणि पहिल्यातली शेवटची ओळ दुसऱ्यात वर पुन्हा येते.
पडताळा असा: प्रोटीनला ४, कार्ब्जला ४, फॅटला ९ ने गुणून बेरीज करा. तुमच्या दुपारची येते १६४ + ७२४ + १५३ = १०४१. ॲप म्हणतंय ८९३. फरक १४८, आणि भाताची एक ओळ बरोबर १४८ ची आहे. ती काढली की दुपार ३८, १४७, १७.
शीटमध्ये प्रत्येक पदार्थाला एक ओळ ठेवा. A तारीख, B जेवण, C पदार्थ, मग D प्रोटीन, E कार्ब्ज, F फॅट, G मध्ये दुसरं सूत्र. तारीख J1 मध्ये लिहा.
```
=SUMIFS(D:D,A:A,$J$1,B:B,"दुपार")
=4*D2+4*E2+9*F2
```
पहिलं सूत्र जेवणाच्या प्रोटीनची बेरीज देतं, D:D च्या जागी E:E, F:F किंवा G:G टाकलं की कार्ब्ज, फॅट, कॅलरींची. दुसरं त्या ओळीच्या कॅलरी देतं. जेवणाची G ची बेरीज आणि ॲपने जेवणाच्या वर दाखवलेल्या कॅलरी, हे जवळपास जुळलं पाहिजे.

घाटी_डंबेल
जवळपास नाही, तंतोतंत जुळलंच पाहिजे. नाही जुळलं तर ॲप बोगस.

रानजाई
नाही हो. ॲप आकडे पूर्णांकात दाखवतं, शिवाय फायबरचा हिशोब प्रत्येक जण वेगळा धरतो. पाच-दहा कॅलरींचा फरक राहतोच.

घाटी_डंबेल
फायबर कार्ब्जमधून वजाच करायचं असतं. मी नेहमी करतो.

लेखनिक
लक्ष्य देणाऱ्या बाईंनी वजा करून दिलं असेल तरच. त्यांनाच विचारा, तो वाद इथे नको.
दोन गोष्टी मात्र या पडताळ्यातून निसटतात. काही ॲपमध्ये रकाने कार्ब्ज, फॅट, प्रोटीन अशा क्रमाने असतात. फॅटची अदलाबदल झाली तर कॅलरी बिघडतात आणि कळतं. प्रोटीन आणि कार्ब्ज उलटे लिहिले तर दोघांनाही ४ च असल्यामुळे बेरीज तीच येते. तेव्हा रकान्याचं नाव डोळ्यांनी वाचा.
दुसरी तुमची डाळ. "तूर डाळ १०० ग्रॅम" म्हणजे कच्ची, कोरडी. तेवढ्यात चार जणांचं वरण होतं. तुम्ही एकटीने खाल्लं का?

सायली_नाशिक
अहो नाही! एक वाटी वरण. ॲपमध्ये "वरण" शोधलं तर सतरा प्रकार आले, म्हणून डाळ निवडली आणि वाटी म्हणजे १०० ग्रॅम असेल असं वाटलं.

बडोदेकर
म्हणूनच म्हणतो, वाटी कोणाची? आमच्याकडची वाटी म्हणजे तुमच्या दोन.

लेखनिक
हा मुद्दा खरा आहे, बडोदेकर.
तुमच्या वाटीत साधारण २५ ग्रॅम कोरडी डाळ धरू. मग वरण ६, १५, १ आणि दुपार २२, १०२, १६. दिवस होतो प्रोटीन ५१, कार्ब्ज २५२, फॅट ५२. कॅलरी १६८०. तुमच्या लक्ष्याच्या कॅलरी होतात १६३५.
म्हणजे नुसत्या कॅलरी पाहिल्या तर दिवस छान दिसतो, पण आत प्रोटीन ३४ ने कमी आणि कार्ब्ज ५२ ने जास्त. तूट कुठे आहे तेही आता दिसतं: दुपारी २२, पण सकाळ-संध्याकाळ मिळून १४ च. रात्रीच्या पिठल्याला हात लावायची गरज नाही.
फॅटवर मात्र माझा विश्वास नाही. फोडणीचं तेल नोंदवलंय का? एक छोटा चमचा म्हणजे जवळजवळ ५ ग्रॅम.

अनघा_डोंबिवली
पनीर खा ना रोज १०० ग्रॅम. मी तेच करते. आणि वजनकाटा घ्या, माझा साडेसातशेचा आहे, आठव्या महिन्यात बंद पडला पण तोवर छान होता.

रानजाई
पनीर १०० ग्रॅम म्हणजे १८ प्रोटीन, पण फॅट २० च्या वर. त्यांच्या ५५ मध्ये ते बसवायचं कुठे? सोया चंक्स बघा, कोरडे ३० ग्रॅम घेतले तर १५ च्या आसपास प्रोटीन आणि फॅट नगण्य.

अनघा_डोंबिवली
सोया आमच्याकडे कोणी खात नाही. वास येतो.

घाटी_डंबेल
व्हे. परत सांगतो.

सायली_नाशिक
सगळ्यांचे आभार. शीट उघडली, फोनवर ते रकाने दिसेनात, बंद केली. दुधाच्या हिशोबाच्या वहीत मागच्या पानांवर चार रकाने आखले आणि चारही दिवसांच्या पानांना तो ४-४-९ चा पडताळा लावला. बुधवारी चहा दोनदा सापडला. गुरुवारी डाळ परत कच्ची. शुक्रवारचा १२ कॅलरींचा फरक काही केल्या सापडत नाही, सोडून दिला.
फोडणीचं तेल एकाही दिवशी लिहिलेलं नाही, तेव्हा फॅट कमीच दिसतंय, हे बाईंना सांगेन.
चिवड्याऐवजी मूठभर फुटाणे सुरू केलेत. सोया, पनीर, व्हे यातलं काही घेत नाहीये, पुढचं त्या सांगतील तसं. पोहे मात्र सोडणार नाही. उरलेले तीन दिवस रविवारी.

बडोदेकर
फुटाण्यांनी गॅस होतो.

निवांत_सातारा
धागा आत्ता पाहिला. अनघाताई, तो वजनकाटा कुठल्या कंपनीचा होता?