मदत हवी आहे: थंड नळ जोरात, गरम नळ बारीक

कपाशी_दर्यापूर: खारपाणपट्ट्यातलं गाव, पाणी बोअरचं. स्लॅबवर टाकी, खाली न्हाणीत १५ लिटरचा गिझर. थंड नळानं बादली मिनिटभरात भरते, गरमला चार मिनिटं लागतात. पाणी तापते मात्र बरोबर. काय पाहू?

बावा_मोर्शी: कॉइलवर क्षार चढला असंन. कॉइल बदला, काम होऊन जाते.

नळदुरुस्ती: क्षार असेलही भाऊ, पण कॉइलच्या क्षारानं पाणी उशिरा तापतं, धार बारीक होत नाही. गिझरला स्वतःचा जोर नसतो. खालून जेवढं थंड पाणी आत ढकललं जाईल तेवढंच गरम बाहेर पडतं. म्हणून अडथळा येण्याच्या वाटेवर आहे की जाण्याच्या, एवढंच आधी ठरवा.

एमसीबी बंद करून पाणी निवू द्या. अँगल कॉक बंद करा, गरम नळ उघडून दाब सोडा, मग लाल बाजूचा कनेक्शन पाइप गिझरपासून सोडवा. गिझरचं निपल दुसऱ्या पान्यानं धरूनच नट फिरवा, नाहीतर निपलच पिळून निघतं. खाली बादली धरून अँगल कॉक उघडा. धार मोठी आली तर गिझर ठीक आहे, दोष पुढच्या पाइपात किंवा मिक्सरमध्ये. बारीकच आली तर निळ्या बाजूचा पाइप सोडवून अँगल कॉकची धार बघा.

गृहिणी_अकोट: आमचा गॅस गिझर तर पेटतच नाही, हेच कारण का?

नळदुरुस्ती: ताई, त्यात पाण्याच्या दाबाशिवाय बर्नर पेटत नाही. पाणी येतं तिथली जाळी आधी धुवा. बाकीचं वेगळ्या धाग्यात विचारा.

कपाशी_दर्यापूर: केलं. लाल बाजूनं बारीकच. अँगल कॉकमधून मात्र जोरात.

नळदुरुस्ती: मग निळ्या बाजूचा सेफ्टी व्हॉल्व्ह काढा. गिझरची टाकी तिथून रिकामी होईल, बादली ठेवा. बाणाच्या दिशेनं फुंकर मारा, हवा सहज जायला हवी. उलटी जाऊ नये. अडकला असेल तर लिटरभर कोमट पाण्यात दोन-तीन चमचे लिंबूसत्व घालून तासभर बुडवा. फरशीचं ॲसिड नको, ते पितळ खातं.

बावा_मोर्शी: टाकी वरतीच हाय, व्हॉल्व्ह काढूनच टाकाना! स्प्रिंगच पाणी अडवते.

नळदुरुस्ती: कमी उंचीच्या टाकीला स्प्रिंग थोडी अडते, हे खरं. पण तो वाढलेला दाब सोडतो आणि गरम पाणी मागं जाऊ देत नाही. काढू नका, खराब असेल तर तसाच नवा बसवा.

कपाशी_दर्यापूर: व्हॉल्व्हमधून भुऱ्या खपल्या निघाल्या. लाल निपलच्या तोंडाशीही पांढरं कडं जमलं होतं, भोक पेन्सिल जेमतेम जाईल एवढं. कडं खरवडलं, टेफ्लॉन लावून जोडलं. आता बादली दोन मिनिटांत भरते. आत तार घालू का?

नळदुरुस्ती: नको. गरम पाण्याची नळी टाकीच्या माथ्यापर्यंत जाते, तारेनं आतला थर खरचटला की टाकी गंजते. गरम नळातून सलग धार येईपर्यंत एमसीबी चालू करू नका, रिकाम्या टाकीत कॉइल जळते. उरलेला अडथळा नळीत की मिक्सरमध्ये, ते लाल पाइप पुन्हा सोडवल्याशिवाय सांगता येणार नाही.